सुताराचा निरोप : ओळीगणिक भाष्य

घरमालकीणबाईंशी फोनवर काम ठरल्यावर पुण्यातल्या एका सुताराने त्याच दुपारी चार ओळी पाठवल्या, असे धरू.

‘ताई, सकाळी फोनवर आपलं ठरलं ते लिहून पाठवतो.’

‘ठरलं’ हा भूतकाळ मोलाचा आहे. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १० नुसार खुषीची संमती, सज्ञान पक्ष, कायदेशीर मोबदला आणि हेतू असला की तोंडी करारही पक्का. म्हणजे करार सकाळीच झाला, हा निरोप त्याची नोंद आहे. ‘ठरवूया का?’ लिहिले असते, तर तो नवा प्रस्ताव ठरला असता आणि उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. काही व्यवहारांना मात्र तोंडी बोलणे पुरत नाही. महाराष्ट्रात घर लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचे तर करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो.

‘ट्रॉल्या आणि वरची कपाटं, मजुरी ४८,००० रुपये. प्लाय, सनमायका, चॅनेल तुमचं.’

भांडण बहुधा मजुरीवरून होत नाही, सामान कोणाचे यावरून होते. कलम २९ प्रमाणे अर्थ निश्चित करता येत नाही तो करार रद्दबातल असतो, म्हणून ‘योग्य ते पैसे’ असे कधीच लिहू नये.

‘१५,००० आज यूपीआयने मिळाले. १८,००० सांगाडे उभे राहिल्यावर, १५,००० काम संपल्यावर.’

कॉलची नोंद फक्त बोलणे झाले एवढेच सांगते. बँकेतली नोंद तिसऱ्याच्या दप्तरातली असते, त्यामुळे तिचे वजन जास्त. रक्कम आणि तारीख निरोपाशी जुळली, की दोन्ही पुरावे एकमेकांना आधार देतात.

‘काही वेगळं ठरलं असेल तर उद्यापर्यंत सांगा.’

माझ्या मते सगळ्या निरोपाचा जीव या ओळीत आहे. पहिल्या तीन ओळी सुताराचे एकट्याचे म्हणणे आहेत. ताईंनी ‘ठीक आहे, फक्त हँडल तुम्ही आणा’ असे उत्तर दिले, तर ती त्यांची कबुली होते आणि राहिलेला मुद्दाही तिथेच मिटतो. निळ्या खुणा निरोप उघडल्याचे दाखवतात, मान्यतेचे नाही. उत्तर आलेच नाही तर वागणूक पाहायची: कामाला घर उघडून दिले का, १८,००० चा हप्ता दिला का? हप्ता दिला असेल, तर ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणणे अवघड होते.

कोर्टात नुसता स्क्रीनशॉट छापून नेऊन भागत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले तर ते लागत नाही. प्रमाणपत्राची ती तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून सुताराने हा फोन विकू नये, निरोप पुसू नये. शेवटचे १५,००० अडले, तर दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, आणि ती काम संपल्यापासून मोजायची.