तळटीप : दोन रेषा आणि त्यांच्या दिशा

* मूळ लेखकाने आलेखातील वरची रेषा महत्तम व खालची लघुतम सिंग्युलर मूल्याची, एवढे सांगून विषय आटोपता घेतला आहे. परंतु कोणत्या आदानदिशेला हे गुणक लागू पडतात, याचे उत्तर आलेखात नसते, ते त्या त्या वारंवारतेवरील मॅट्रिक्सच्या विघटनातून काढावे लागते. १९८८ मध्ये स्कोगेस्टाड, मोरारी व डॉयल यांनी अभ्यासिलेला ऊर्ध्वपातन-स्तंभ घ्यावा : माथ्याशी परत सोडलेला द्रव व तळाची वाफ ही दोन आदाने, वरच्या व खालच्या उत्पादनांतील हलक्या घटकाचे प्रमाण ही दोन प्रदाने. स्थिर अवस्थेत त्याची मॅट्रिक्स अशी :

```
G(0) = [  87.8   -86.4 ]
       [ 108.2  -109.6 ]
```

द्रव वाढवून वाफ तितकीच घटविली, तर गुणक सुमारे १९७. दोन्ही समप्रमाणात वाढविली, तर अवघा १.४. आणि दोन्ही उत्पादने एकदम अधिक शुद्ध करण्याची वाट नेमकी या दुर्बल दिशेतूनच जाते. आता एक झडप ठरल्याहून दहा टक्के अधिक व दुसरी तितकीच कमी उघडली, तर आदानाचा दशांश बलवान दिशेत शिरतो आणि इष्ट १.४ च्या जोडीला १९.७ इतके अनिष्ट प्रदान, म्हणजे चौदापट, उमटते. म्हणून अशा स्तंभावर मॅट्रिक्सच्या व्यस्तावर आधारलेला नियंत्रक कागदावर निर्दोष असूनही प्रत्यक्षात बिघडतो. आदान-प्रदानांची मापनपट्टी बदलली की रेषांमधील अंतरही बदलते, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

— संपादक, धायरी