रुग्णालय दैनिक रोख लाभ योजना

रुग्णालयात दाखल राहिल्यास दर दिवसासाठी ठरलेली रक्कम देणारा आरोग्य विमा. भरपाई विम्यात प्रत्यक्ष झालेला खर्च मूळ बिलांवरून, विमा रकमेच्या मर्यादेत मिळतो. रोख लाभ योजनेत मात्र बिलाचा आकडा पाहिलाच जात नाही.

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, कोणी पाच दिवस राहिले, तर शासकीय दरामुळे बिल किरकोळ येते आणि भरपाई विम्यातून तेवढेच मिळते. रोज २,००० रुपयांची रोख योजना असेल आणि पहिला दिवस वगळण्याची अट असेल, तर ८,००० रुपये हाती येतात. बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचे जेवण, गावाहून येण्याजाण्याचे भाडे यांना त्यांचा खरा आधार होतो. खाजगी रुग्णालयात तेवढ्याच दिवसांचे बिल १,२०,००० झाले, तरी या योजनेतून ८,०००च मिळतात. म्हणून ती भरपाई विम्याची जागा घेऊ शकत नाही.

दोन्ही विमे असल्यास दोन्हींकडे दावा करता येतो. मूळ बिले भरपाई विम्याकडे जातात. रोख योजनेला बहुधा डिस्चार्ज कार्ड व बिलांच्या साक्षांकित प्रती चालतात. दाखल झाल्याची व सुटल्याची तारीख-वेळ कार्डावर नसेल, तर दावा अडतो. रुग्णालय सोडण्यापूर्वी ती तपासून घ्यावी.