वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस व विषयपत्रिका (सहकारी संस्था)

सहकारी संस्थेच्या सभासदांना वार्षिक सभेची वेळ, ठिकाण आणि त्या सभेत काय ठरवायचे आहे हे अधिकृतपणे कळवणारा दस्त. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावी लागते. त्यामुळे पलूस तालुक्यात सप्टेंबर हा सभांचा महिना असतो. कुंडलच्या क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड कारखान्यापासून गावच्या विकास सोसायटीपर्यंत सगळ्यांची धांदल एकदमच. साखर कारखान्यांच्या नोटिशीत ‘अधिमंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा’ असे भारदस्त शब्द असतात. सोसायटीची नोटीस एका पानात उरकते.

मसुदा करताना पहिली चूक होते ती दिवस मोजण्यात. नोटिशीची मुदत संस्थेच्या उपविधीत असते, आणि तिथे ‘पूर्ण १४ दिवस’ असे असेल तर नोटीस पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही सोडून मोजायचे. समजा, एका विकास सोसायटीची सभा रविवार, २० सप्टेंबर २०२६ रोजी आहे. मधले चौदा दिवस ६ ते १९ सप्टेंबर. म्हणजे ५ तारखेपर्यंत नोटिसा हातावेगळ्या व्हायला हव्यात. सचिवाने ६ तारखेला पाठवल्या, तर एक दिवस कमी पडतो आणि नाराज सभासदाला आयती हरकत मिळते.

विषयपत्रिकेचा क्रम जवळपास ठरलेलाच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवाल व ताळेबंद स्वीकारणे, नफावाटणी मंजूर करणे, अंदाजपत्रक, लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेणे आणि शासनमान्य नामतालिकेतून पुढील वर्षाचा लेखापरीक्षक नेमणे. नफावाटणीचा विषय मोघम ठेवू नये. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांश १५ टक्क्यांवर देता येत नाही. संचालक मंडळाने सुचवलेला दर नोटिशीतच छापला, तर सभेतला निम्मा गोंधळ टळतो.

शेवटचा विषय ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे’. ही सोयीची पिशवी आहे खरी, पण तिच्यात सगळे कोंबता येत नाही. उपविधी दुरुस्तीला तशी रीतसर पूर्वसूचना लागते आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. म्हणून जुना मजकूर, नवा मजकूर आणि दुरुस्तीचे कारण असा तक्ता नोटिशीला जोडतात.

सहीच्या वर ‘संचालक मंडळाच्या आदेशावरून’ असे लिहून सचिव सही करतो. खाली टीप येते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. उपविधीत तशी तरतूद असेल तरच ही टीप छापावी. तहकूब सभेत फक्त आधीच्या पत्रिकेवरचेच विषय घेता येतात.