‘वली’, ‘वाडी’ आणि ‘कॅम्प’ : अंबरनाथ तालुक्यातील गावांच्या नावांचा मागोवा

उल्हासनगर, ता. (प्रतिनिधी) : उल्हासनगर हे नाव कोणी आणि कधी दिले, हे नेमके सांगता येते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून नगराचे नाव पडले. तरीही जुना शब्द सुटलेला नाही. येथील माणूस आजही पत्ता सांगताना आधी ‘कॅम्प नंबर एक’ म्हणतो, उल्हासनगर नंतर.

शेजारच्या अंबरनाथ तालुक्यात मात्र अशी तारीख हाती लागत नाही. तेथे वृद्धांच्या सांगण्यावर आणि खुद्द शब्दाच्या घडणीवर भिस्त ठेवावी लागते, आणि पुष्कळदा या दोहोंचे पटत नाही.

याचे उत्तम उदाहरण खुद्द अंबरनाथ. प्राचीन शिवमंदिराचा गाभारा सभामंडपापेक्षा खोल आहे, पायऱ्या उतरून आत जावे लागते, आणि वर पाहिले तर उघडे आकाश दिसते. म्हणून अंबराचा नाथ तो अंबरनाथ, असे गावकरी सांगतात. कथा सुंदर आहे. पण मंदिरातील शके ९८२ च्या, म्हणजे इ.स. १०६० च्या, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील शिलालेखात देवाचे नाव ‘आम्रनाथ’ असे आहे. ‘आम्र’पासून ‘आंबा’ आणि ‘ताम्र’पासून ‘तांबे’ झाले, तोच ‘ब’ येथेही मध्ये शिरला. ‘आम्रनाथ’चे ‘अंबरनाथ’ झाल्यावर लोकांना त्यात आकाश दिसू लागले. लेखाच्या वाचनातही जपून राहावे लागते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शक ७८२ वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखविले. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले.

बदलापूर परिसरातील बेलवली, जुवेली, वालिवली, सोनिवली, मानकिवली या नावांना लेखाचा असा आधार सहज मिळत नाही. मात्र त्या सर्वांच्या शेवटी ‘ली’ आहे, आणि तोच एक दुवा ठरतो. एखाद्या वृद्धाने ‘बेलवली म्हणजे बेलाच्या झाडांची आवली, ओळ’ असे सांगितले, तर ते पडताळता येते. मराठीत दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ बहुधा ‘ळ’ होतो. ‘दीपावली’ची ‘दिवाळी’ झाली. म्हणजे नावात ‘आवली’ असती तर शेवटी ‘ळी’ ऐकू आली असती. जोड ‘ल्ल’चा मात्र ‘ल’च राहतो. संस्कृत ‘पल्ली’ म्हणजे लहान वस्ती; तिच्या ‘प’चा ‘व’ झाला आणि ‘ल्ल’चा ‘ल’ झाला, की उरते ‘वली’. डोंबिवली, कांदिवलीतही हाच शब्द मानला जातो. बेल खरा असू शकेल. ओळ नव्हे, वस्ती. विठ्ठलवाडीतील ‘वाडी’ मात्र वेगळी, ती ‘वाटिके’ची.

हा नियम सगळे कुलुपे उघडत नाही. बदलापूर येथे घोडे बदलले जात, म्हणून ते नाव, असे सर्रास सांगतात. ‘बदल’ हा शब्द अरबी, तो फारसीमार्गे मराठीत आला. तेव्हा यादवपूर्व काळातील एखाद्या ताम्रपटात हेच नाव सापडले, तर घोड्यांची कथा गळून पडेल. तसे सापडेपर्यंत ती ‘सांगितली जाते’ एवढीच नोंदवावी. कुळगावचा पेच याहून बिकट आहे. त्यातले ‘कुळ’ जमीन कसणारे की घराण्याचे, की नदीकाठाचे ‘कूल’? तिन्हींचा उच्चार मराठीत एकाच ठिकाणी येऊन मिळतो, त्यामुळे जुन्या कागदाखेरीज निवाडा नाही.

म्हणून नावे गोळा करणाऱ्याने आधी कागद दाखवू नये. वृद्धाला गावाचे नाव सहज बोलण्यात उच्चारू द्यावे, ‘ल’ की ‘ळ’ ते कानाने टिपावे, आणि मगच सातबाऱ्यावरील रूपाशी ताडावे. शेजारच्या गावातही तेच नाव विचारावे, कारण गावचे लोक स्वतःच्या नावाला थोर अर्थ लावतात. शेजाऱ्यांना तशी गरज नसते. आगरी, ठाकूर आणि कातकरी घरांतील उच्चार वेगवेगळे लिहावेत. शेतांची, ओढ्यांची व पाड्यांची नावे तर आवर्जून घ्यावीत. ती नकाशावर क्वचितच आलेली असतात.

कॅम्पात विचारण्याचा प्रश्न निराळा आहे. तेथे वृद्ध अर्थ लावत नाहीत, आठवण सांगतात. कोणत्या बराकीला, कोणत्या चौकाला आधी काय म्हणत, हे त्यांनी स्वतः ऐकलेले असते. पण फाळणीनंतर दहा वर्षांचे असताना येथे उतरलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहे, आणि बहुतेक बराकींच्या जागी इमारती आल्या आहेत. तेव्हा ‘वली’च्या गावांआधी कॅम्पातील घरांची दारे ठोठवावीत; ‘पल्ली’ थांबू शकते.