जकात उत्पन्नावर नसते

रमजान जवळ आला की वर्तमानपत्रांतल्या माहितीच्या चौकटींत एक वाक्य हमखास येते: प्रत्येक मुसलमानाने आपल्या वार्षिक उत्पन्नाच्या अडीच टक्के रक्कम दानधर्मासाठी द्यावी, तिला जकात म्हणतात. मुसलमानेतर वाचक ते खरे मानतात. पगारदार मुसलमान तरुणही पगाराच्या स्लिपवर अडीच टक्क्यांचा गुणाकार करतात आणि ती रक्कम मशिदीच्या बांधकामाला किंवा एखाद्या रुग्णालयाच्या निधीला देऊन मोकळे होतात. या वाक्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. जकात उत्पन्नावर नसते आणि ती कोणत्याही सत्कार्याला देता येत नाही.

आधी पूर्वपक्षाची बाजू मांडू, कारण ती अगदीच निराधार नाही. विसाव्या शतकातले मोठे फिकहपंडित यूसुफ अल-करजावी यांनी ‘फिकह अज्-जकात’ या ग्रंथात पगार आणि व्यावसायिक कमाईवर, ती हाती येताच, जकात घ्यावी असे मत मांडले. अब्दुल्लाह इब्न मसऊद आणि मुआविया सरकारी तनख्यातून जकात कापून घेत, असा आधार त्यांनी दिला. मलेशियात तर पगारावरची जकात रीतसर वसूल होते. त्यांचा युक्तिवाद आजही वजनदार वाटतो: पावसाच्या भरवशावर भात पिकवणारा गरीब शेतकरी पिकाचा दहावा हिस्सा देतो, मग लाखोंची फी घेणारा डॉक्टर कमावल्या क्षणी काहीच का देत नाही?

पण परंपरेचे उत्तरही तितकेच जुने आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त पहिले खलिफा अबू बक्र यांची पद्धत नोंदलेली आहे. तनखा वाटताना ते समोरच्याला विचारत, तुझ्याकडे आधीपासून असे धन आहे का, ज्यावर जकात लागू झाली आहे? हो म्हटले तर त्या आधीच्या धनाची जकात ते या तनख्यातून वळती करून घेत. नाही म्हटले तर तनखा पूर्ण हातात देत. म्हणजे कापले जाई ते जुन्या साठ्याचे देणे, नव्या कमाईला हात लागत नसे. तनख्यातून सरसकट जकात घेणारे पहिले मुआविया, अशीही नोंद त्याच ग्रंथात आहे, आणि मालिक यांनी स्वतः तो मार्ग न धरता वर्ष पूर्ण होण्याची अट कायम ठेवली. हनफी, मालिकी, शाफिई आणि हंबली या चारही मजहबांत रोकड आणि व्यापारी मालाबाबत हीच अट आहे. शेतीचे उत्पन्न तिला अपवाद, कारण पीक हाती येणे हीच तिथे वर्षपूर्ती मानली जाते. करजावींचा युक्तिवाद अर्थशास्त्राचा म्हणून विचारात घ्यावा, पण चार मजहबांचा नियम म्हणून तो सांगू नये.

मग हिशेब कशाचा होतो? साठ्याचा. गरजा भागून जे धन हातात राहिले, ज्याने ठरावीक किमान मर्यादा गाठली आणि ज्यावर एक चांद्रवर्ष, म्हणजे साधारण 354 दिवस उलटले, त्याचा चाळिसावा भाग. वर्षभरात नऊ लाख कमावून सगळे घरखर्चात गेलेल्या शिक्षकावर काहीच लागू होत नाही. एक पैसाही न कमावणाऱ्या, पण बँकेत पाच लाख पडून असलेल्या निवृत्त माणसावर लागू होते. जकातीचे वर्ष रमजानातच संपते असेही नाही. ज्या हिजरी तारखेला माणूस पहिल्यांदा किमान मर्यादेचा धनी झाला ती त्याची तारीख. रमजानात पुण्य अधिक म्हणून लोक तो महिना निवडतात, एवढेच.

या किमान मर्यादेला निसाब म्हणतात. सोन्याचा निसाब वीस मिस्काल, चांदीचा दोनशे दिरहम. आपल्याकडचे हनफी उलेमा हे साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी असे सांगतात, आणि नेमकी इथेच एक चूक घराघरांत होते. हा तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. आज सराफ तोळा म्हणून जो तोलतो तो दहा ग्रॅमचा. त्यामुळे साडेसात तोळे म्हणजे 75 ग्रॅम नव्हेत, 87.48 ग्रॅम, आणि चांदी 525 ग्रॅम नव्हे, 612.36 ग्रॅम. आपला हिशेब कोणत्या तोळ्यात झाला हे ओळखायला सोपे आहे: 75 किंवा 525 हे आकडे दिसले की समजावे, मोजणी चुकली.

मालेगावच्या एखाद्या यंत्रमागधारकाचा हिशेब कल्पनेने मांडून पाहू. तो हनफी आहे. त्याचे बारा माग, शेड, राहते घर आणि मोटारसायकल यांची किंमत कितीही असो, ती हिशेबात येत नाही, कारण ती उत्पादनाची आणि जगण्याची साधने आहेत, विक्रीचा माल नव्हे. येते ते असे: गोदामातले सूत तीन लाखांचे, विणून तयार पडलेले कापड त्या दिवशीच्या बाजारभावाने अडीच लाखांचे, बँक आणि गल्ला मिळून एक लाख चाळीस हजार. व्यापाऱ्याकडून दोन लाख येणे आहे, पण त्यातले पन्नास हजार बुडीत दिसतात, म्हणून दीड लाख धरायचे. एकूण आठ लाख चाळीस हजार. यातून सूतवाल्याचे एक लाख ऐंशी हजारांचे देणे वजा. मागांसाठी काढलेले दीर्घ मुदतीचे कर्ज पूर्ण वजा करायचे का, यावर मतभेद आहेत. आज अनेक मुफ्ती फक्त देय होत आलेले हप्ते वजा करू देतात. ते साठ हजार धरू. उरले सहा लाख. चांदीचा भाव कितीही चढला असला तरी ग्रॅमला जवळजवळ हजार रुपये होईपर्यंत ही रक्कम निसाबाच्या वरच राहते. चाळिसावा भाग, पंधरा हजार रुपये. त्या वर्षी त्याला नफा झाला की तोटा, हा प्रश्न हिशेबात कुठेच आला नाही. तोट्याच्या वर्षीही गोदाम भरलेले असेल तर जकात आहे. बायकोचे दागिने या हिशेबात नाहीत, कारण ते तिच्या मालकीचे आहेत आणि त्यांची जकात तिची तिने द्यायची.

दागिन्यांच्या बाबतीत महाराष्ट्रातच दोन नियम शेजारी शेजारी नांदतात, आणि ‘सगळ्यांना एकच अडीच टक्के’ या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही. मालेगावची हनफी बाई रोज अंगावर घालते त्या बांगड्यांवरही जकात आहे. रत्नागिरीची कोकणी मुसलमान बाई बहुधा शाफिई असते. तिच्या मजहबात वापरातल्या, प्रमाणाबाहेर नसलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर जकात नाही. तेच वजन, तोच कस. एकीवर देणे, दुसरीवर नाही. तिच्या घरच्या बागेतल्या हापूसवरही शाफिई मताने पीक म्हणून जकात नाही, कारण फळांपैकी ती फक्त खजूर आणि द्राक्षांवर आहे. भातावर मात्र निसाब भरला तर आहे: पावसावर पिकले तर दहावा हिस्सा, पाणी ओढून पिकवले तर विसावा. इथे अडीच टक्के कुठेच नाहीत.

हनफी पद्धतीतली एक गोष्ट मला मनापासून खटकते आणि ती इथे सांगितली पाहिजे. एखाद्या विधवेकडे तीन तोळे सोने आणि थोडी रोकड असेल, तर दोन्हीची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी ताडली जाते. ती मर्यादा सहज ओलांडली जाते. मग ती देणारी ठरते आणि घ्यायला अपात्रही. जुन्या काळी दोनशे दिरहम आणि वीस मिस्काल यांची किंमत साधारण सारखी होती. आज सोन्याचा निसाब चांदीच्या निसाबाच्या कितीतरी पट भरतो. चांदी धरणारे उलेमा म्हणतात, गरिबांच्या हिताचा निसाब तोच, कारण देणारे वाढतात. पण त्यामुळे गरिबांपैकीच काही जण देणाऱ्यांच्या रांगेत ढकलले जातात. सोन्याच्या निसाबाने हिशेब करावा असे म्हणणारे आजचे अभ्यासक मला अधिक पटतात.

आता दुसरा भाग, घेणारे कोण. कुराणाच्या नवव्या सूरहच्या साठाव्या आयतीत आठ वर्ग मोजून दिलेले आहेत: फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने जोडून घ्यायची ते, गुलामांची सुटका, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटेत अडकलेला प्रवासी. ‘अल्लाहच्या मार्गात’ याचा अर्थ सर्व लोकोपयोगी कामे असा काही आधुनिक लेखक करतात. तसा अर्थ घेतला तर उरलेले सात वर्ग मोजण्याचे कारणच राहत नाही. जुन्या फकीहांनी तो प्रामुख्याने लढवय्यांपुरता, आणि काहींनी हजला निघून अडकलेल्यांपुरता घेतला, त्याला हेच कारण होते.

हनफी फिकहमध्ये आणखी एक अट आहे, तमलीक: पैसा पात्र माणसाच्या मालकीचा झाला पाहिजे. मशीद, पूल, विहीर, शाळेची इमारत यांना मालक होता येत नाही, म्हणून तिथे जकात लागत नाही. रुग्णालयाला इमारतीसाठी देता येत नाही, पण गरीब रुग्णाच्या हातात बिलापुरते पैसे देता येतात. मदरशातल्या गरीब विद्यार्थ्याला देता येते, शिक्षकाच्या पगाराला नाही. या अटीतून पळवाट म्हणून ‘हीला’ करतात: एखाद्या गरिबाला कागदावर रक्कम द्यायची आणि त्याच क्षणी त्याच्याकडून संस्थेला देणगी म्हणून परत घ्यायची. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक नाही तो मालक झालाच नाही. ही प्रथा बंद व्हायला हवी.

जवळच्यांचेही नियम आहेत. आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे यांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणे हे वेगळे कर्तव्य आहे. गरीब भाऊ, बहीण, मामा, आत्या यांना देता येते आणि ते अधिक चांगले मानले जाते. पैगंबरांच्या घराण्यातल्या, म्हणजे सय्यदांना ती चालत नाही. मुसलमानेतर शेजाऱ्याला बहुसंख्य फकीह जकात देत नाहीत, पण सदका जरूर देतात, आणि त्याला वरची मर्यादा नाही. हे लपवून ‘जकात सर्वांसाठी’ असे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

पात्रतेची कसोटीही देण्याच्या कसोटीहून वेगळी आहे. एखाद्याकडे गावात गरजेबाहेरचा प्लॉट पडून आहे, विकण्याच्या हेतूने घेतलेला नाही. त्यावर जकात नाही, पण त्याची किंमत निसाबाहून अधिक असल्याने हनफी मताने तो जकात घेऊही शकत नाही. शाफिई मताने प्रश्न निसाबाचा नसून भागते की नाही याचा आहे: थोडीफार मालमत्ता असूनही घर चालत नसेल, तर तो पात्र ठरू शकतो.

म्हणून हिशेबाइतकीच विचारपूसही देणाऱ्याच्या अंगावर आहे. पुरेशी चौकशी करून दिले आणि नंतर घेणारा सधन निघाला, तर अबू हनीफांच्या मते जकात फिटली. शंका असतानाही न विचारता दिले आणि तो अपात्र निघाला, तर ती पुन्हा द्यावी लागते. तेव्हा यंदा कुणी पावतीपुस्तक घेऊन दारी आला, तर ही रक्कम कोणाच्या हातात जाणार, हे त्याला आधी विचारा.