नाव आणि वस्तू यांच्यामधली रेघ

परीक्षेत ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ असं वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. आज मी त्यातल्या ‘नामनिर्देशित’ या शब्दाबद्दल बोलणार आहे. वस्तू इथे, नाव तिथे, आणि मध्ये एक रेघ. ही रेघ आली कुठून आणि तिचे नियम काय, एवढाच विषय.

१५४३ साली व्हेसेलियसचा शरीररचनेचा ग्रंथ निघाला. त्यातल्या आकृत्यांवर बारीक अक्षरं, आकडे कोरलेले आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळ्या यादीत. म्हणजे आधी आकृती पाहायची, मग यादी, मग परत आकृती. ही पद्धत तीनशे वर्षं टिकली. १८५८ साली ग्रेची ‘अ‍ॅनाटॉमी’ आली. तिच्यातल्या आकृत्या काढल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टरने. त्याने बहुतेक ठिकाणी नाव थेट अवयवावरच लिहिलं. धमनीचं नाव धमनीच्या अंगाने वळत जातं. यादीची गरजच संपली. हा कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला.

पण कार्टरची युक्ती लहान आकृतीत चालत नाही. फुलाच्या परागकोशावर ‘परागकोश’ लिहायला जागा कुठली? म्हणून शालेय पुस्तकात नाव बाहेर जातं आणि रेघ येते. रेघ आली की भांडण आलं, कारण रेघा एकमेकींना छेदतात.

जास्वंदाचं फूल घ्या, उभा छेद. धड्यात क्रम बाहेरून आत असतो: निदल, पाकळी, परागकोश, कुक्षी. चित्रकार हाच क्रम उजवीकडे वरून खाली लिहितो. पण कागदावर कुक्षी सर्वांत वर, तिच्याखाली परागकोश, मग पाकळी, आणि निदल तळाशी! चार रेघांच्या सहा जोड्या होतात, आणि साऱ्या एकमेकींना छेदतात. मुलाचं बोट चौकात येऊन भलत्याच रस्त्याला लागतं. आता फक्त निदल आणि कुक्षी यांच्या नावांची अदलाबदल करा, मग पाकळी आणि परागकोश यांची. दोन अदलाबदलींत सहाही छेद गेले.

हे नेहमीच जमतं का? सरळ रेघा असतील तर जमतं, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. दोन रेघा छेदतात तेव्हा त्यांची नावं बदलली, की दोन्ही रेघांची मिळून लांबी कमी होते. चौकातून वळून जाण्यापेक्षा थेट वाट जवळची, एवढंच. एका अदलाबदलीने दुसरीकडे नवा छेद उपजेल, उपजू द्या. एकूण लांबी दरवेळी घटतेच, आणि नावांच्या मांडण्या मोजक्याच असतात, म्हणून ही घट कुठेतरी थांबते. जिथे थांबते तिथे छेद उरलेला नसतो.

मात्र नावांचे गट करायचे असतील तर अदलाबदलीची ही मोकळीक राहत नाही. जास्वंदात कुक्षी वर, अंडाशय तळाशी, दोन्ही जायांगाचेच. मध्ये पुमंगाचे परागकोश. एकाच बाजूला ‘जायांग’ असा कंस घातला तर परागकोश त्याच्या पोटात अडकतात. उपाय म्हणजे जायांग डावीकडे न्यायचं, पुमंग उजवीकडे ठेवायचं. कुक्षीवृंत पुंकेसरांच्या नळीच्या आत असतो, त्याची रेघ नळीची भिंत ओलांडणारच. तिथे टोकाला ठळक ठिपका द्यावा, म्हणजे रेघ भिंतीपाशी थांबली नाही हे कळतं.

आता अक्षरांचा आकार. मूळ चित्र मोठं काढतात आणि छापताना लहान करतात. २४ सेंटिमीटरचं चित्र १२ वर आणलं तर ५ मिलिमीटरचं अक्षर अडीच होतं. शेजारचं चित्र ३६ सेंटिमीटरचं असेल, तर तेच अक्षर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर उरतं. मुलाला वाटतं, बारीक अक्षरातला भाग कमी महत्त्वाचा. म्हणून सगळी चित्रं एकाच प्रमाणात लहान करावीत, किंवा नावं लहान केल्यानंतर घालावीत. लांब नाव मावत नसेल तर दोन ओळी कराव्यात, अक्षर बारीक करू नये.

आणि देवनागरीची एक खास अडचण. आडवी रेघ शिरोरेषेच्या उंचीवर शब्दाला भिडली, की ती शिरोरेषेचाच भाग वाटते. तिने अक्षराच्या मध्याच्या उंचीवर, थोडं अंतर राखून थांबावं. वर वेलांटी, खाली उकार. ‘कुक्षीवृंत’ला दोन्हीकडे जागा लागते, म्हणून दोन नावांमधलं अंतरही रोमन लिपीपेक्षा जास्त हवं.

१९६७ साली पुण्यात बालभारती सुरू झाली. तेव्हापासून एकच आकृती आपल्या जिल्ह्यातल्या अकोल्याच्या मुलापुढेही जाते आणि शेवगावच्याही. शेजारी शिक्षक असेलच असं नाही. तेव्हा परागकोश कोणता, हे त्याला ती रेघच सांगते.