मिंकोवस्की बेरीज (बहिर्वक्र बहुभुजाकृतींची)

मिंकोवस्की बेरीज : प्रतलातील दोन आकृतींपैकी पहिलीतील प्रत्येक बिंदू दुसरीतील प्रत्येक बिंदूत सदिशांप्रमाणे मिळवला, तर मिळणाऱ्या सर्व बिंदूंचा संच. A आणि B या आकृतींची ही बेरीज A ⊕ B अशी लिहितात. बहिर्वक्र आकृतींच्या भूमितीत मूलभूत काम करणारे गणिती हेर्मान मिंकोवस्की (१८६४–१९०९) यांच्यावरून हे नाव पडले. संगणकीय भूमितीत तिचा मोठा उपयोग टक्कर तपासण्यासाठी होतो. दोन्ही आकृती बहिर्वक्र बहुभुजाकृती असतील, तर एकीच्या बाजू दुसरीच्या बाजूंमध्ये दिशांच्या क्रमाने गुंफून ही बेरीज एका फेरीत काढता येते. या नोंदीत त्याच रीतीचा विचार केला आहे.

टक्करीशी संबंध : A ही जागेवर स्थिर असलेली वस्तू आणि B ही न वळता सरकणारी वस्तू आहे असे धरू. B वर एक संदर्भबिंदू ठरवून तो आरंभबिंदूवर ठेवला आणि मग B ला t एवढे सरकवले. आता दोन्ही वस्तू एकमेकींना भिडत असतील, तर A मधला एखादा बिंदू a आणि B मधला एखादा बिंदू b यांच्यासाठी a = b + t असते, म्हणजेच t = a − b असते. अशा सर्व वजाबाक्यांचा संच म्हणजे A ⊕ (−B). यातील −B ही B ची आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवलेली आकृती होय. त्यामुळे ‘दोन आकृती भिडतात का?’ या प्रश्नाऐवजी ‘t हा एक बिंदू A ⊕ (−B) या आकृतीत आहे का?’ एवढेच विचारावे लागते. B चा सगळा विस्तार A च्या अंगावर चढवला जातो आणि B चा नुसता बिंदू उरतो. यंत्रमानवाचा मार्ग आखताना अडथळे असे फुगवून घेण्याची पद्धत तोमास लोसानो-पेरेस आणि मायकेल वेस्ली यांच्या १९७९ मधील निबंधामुळे रूढ झाली.

बाजू गुंफता का येतात : बेरजेच्या आकृतीला बाहेरून एक सरळ पट्टी टेकवली आहे अशी कल्पना करू. पट्टी ज्या दिशेकडून टेकते त्या दिशेने सर्वांत दूर असलेला बेरजेतील बिंदू म्हणजे त्याच दिशेने A मधील सर्वांत दूरचा बिंदू अधिक दुसऱ्या आकृतीतील सर्वांत दूरचा बिंदू. दोन्ही बिंदू स्वतंत्रपणे निवडता येत असल्याने याहून दूर जाणे शक्य नसते. पट्टी आता हळूहळू फिरवू. ती A च्या एखाद्या बाजूवर पूर्ण टेकते त्या क्षणी दुसऱ्या आकृतीचा शिरोबिंदू स्थिर असतो, म्हणून A ची ती बाजू, लांबी आणि दिशा तशीच ठेवून, बेरजेच्या सीमेत उतरते. थोड्या वेळाने दुसऱ्या आकृतीची बाजू तशीच उतरते. दोघींची एकाच दिशेची बाजू एकदम आली, तर त्या जोडून एक लांब बाजू बनते.

पूर्ण फेरा झाला की दोन्ही आकृतींची प्रत्येक बाजू एकेकदा वापरून झालेली असते. म्हणून m आणि n बाजूंच्या आकृतींच्या बेरजेला जास्तीत जास्त m + n बाजू असतात, आणि जितक्या जोड्या एका दिशेच्या असतील तितक्या कमी. बहिर्वक्र आकृतीच्या बाजू सीमेवरून चालताना कोनाच्या चढत्या क्रमानेच भेटतात. त्यामुळे नव्याने क्रम लावावा लागत नाही. दोन क्रमवार याद्या एकत्र करायच्या, एवढेच काम उरते. सर्व शिरोबिंदूंच्या बेरजा करून त्यांभोवती बहिर्वक्र वेढा काढला तरी उत्तर तेच येते. पण शंभर-शंभर बाजूंच्या आकृतींसाठी तिथे १०,००० बिंदू हाताळावे लागतात. गुंफणीत २०० बाजू पुरतात.

रीत : दोन्ही आकृतींचे शिरोबिंदू घड्याळाच्या उलट दिशेने लिहावेत. प्रत्येक यादी सर्वांत खालच्या शिरोबिंदूपासून, आणि तसे दोन असतील तर त्यांतील डाव्यापासून, सुरू करावी. या दोन आरंभीच्या शिरोबिंदूंची बेरीज हा उत्तराचा पहिला शिरोबिंदू. पुढे प्रत्येक पायरीला दोन्ही याद्यांतील चालू बाजूंची तुलना करून जिचा कोन लहान ती आधी घ्यावी. यासाठी कोन मोजण्याची गरज नसते. बाजू (ax, ay) आणि (bx, by) असतील तर c = ax·by − ay·bx काढावा. c धन असेल तर पहिली बाजू आधी, ऋण असेल तर दुसरी आधी, आणि शून्य असेल तर दोन्ही एकदम घ्याव्यात.

```python
def edge(P, k):
    (x0, y0), (x1, y1) = P[k % len(P)], P[(k + 1) % len(P)]
    return x1 - x0, y1 - y0

def minkowski(P, Q):
    i = j = 0
    R = []
    while i < len(P) or j < len(Q):
        p, q = P[i % len(P)], Q[j % len(Q)]
        R.append((p[0] + q[0], p[1] + q[1]))
        (ax, ay), (bx, by) = edge(P, i), edge(Q, j)
        c = ax * by - ay * bx
        if c >= 0 and i < len(P): i += 1
        if c <= 0 and j < len(Q): j += 1
    return R
```

टक्कर तपासताना `Q` च्या जागी −B द्यावी लागते. B च्या सर्व निर्देशकांची चिन्हे बदलली की −B मिळते. हा अर्धा फेरा असल्याने घड्याळाच्या उलट क्रम कायम राहतो. मात्र सर्वांत खालचा शिरोबिंदू बदलतो आणि यादीचा आरंभ नव्याने ठरवावा लागतो.

उदाहरण : गोदामातील एका रॅकचे कोपरे मीटरमध्ये (४, १), (७, १), (७, ३), (४, ३) आहेत, ही A. एका त्रिकोणी ट्रॉलीचे कोपरे (०, ०), (२, ०), (१, २) आहेत; ही B, आणि तिचा संदर्भबिंदू (०, ०). चिन्हे बदलून −B चे शिरोबिंदू (०, ०), (−२, ०), (−१, −२) येतात. त्यांतील सर्वांत खालचा (−१, −२). तिथून निघाल्यास −B च्या बाजू क्रमाने (१, २), (−२, ०), (१, −२) आहेत. A च्या बाजू (३, ०), (०, २), (−३, ०), (०, −२) आहेत.

पहिला शिरोबिंदू (४, १) + (−१, −२) = (३, −१). पहिली तुलना (३, ०) आणि (१, २) यांची; c = ३·२ − ०·१ = ६, म्हणून रॅकची बाजू आधी घेऊन (६, −१) वर पोहोचतो. मग (०, २) आणि (१, २) यांच्यात c = ०·२ − २·१ = −२ येतो, म्हणून ट्रॉलीकडील बाजू घेऊन (७, १), आणि तिच्यानंतर रॅकची (०, २) घेऊन (७, ३). पुढे (−३, ०) आणि (−२, ०) एकाच दिशेच्या असल्याने दोन्ही एकदम घेतल्या जातात आणि आपण (२, ३) वर येतो. मग (०, −२) घेऊन (२, १), आणि शेवटी (१, −२) घेऊन पुन्हा (३, −१). चार आणि तीन मिळून सात बाजूंपैकी एक जोडी एकरूप झाल्याने उत्तर षटकोन आहे.

आता ट्रॉली t = (२.२, ०) वर आणू. तिचे कोपरे (२.२, ०), (४.२, ०), (३.२, २) होतात. ट्रॉलीभोवतीचा आयत आणि रॅक एकमेकांवर चढतात, त्यामुळे नुसत्या आयतांची तपासणी इथे टक्कर सांगेल. षटकोनाच्या (२, १) पासून (३, −१) पर्यंतच्या बाजूच्या सापेक्ष t तपासला, तर १·(−१) − (−२)·०.२ = −०.६ येते. चिन्ह ऋण, म्हणजे t त्या बाजूच्या बाहेर आहे आणि टक्कर नाही. या संख्येच्या मूल्याला बाजूच्या लांबीने, √५ ने, भागले की सुमारे ०.२७ येते. t पासून या बाजूवरचा लंब बाजूच्या टोकांच्या आतच पडतो, म्हणून हे षटकोनापर्यंतचे सर्वांत कमी अंतर आहे. ट्रॉली आणि रॅकचा कोपरा यांत प्रत्यक्षात तेवढीच, म्हणजे सुमारे २७ सेंमी, फट आहे. याउलट t = (५, ०) हा षटकोनाच्या आत आहे. त्याला जवळची सीमा खालची बाजू, अंतर १. म्हणजे ट्रॉली १ मी. खाली ओढली की ती सुटते.

चुका आणि त्यांची ओळख : सर्वांत नेहमीची चूक −B ऐवजी B देण्याची. वरच्या उदाहरणात तसे केल्यास (४, १), (९, १), (९, ३), (८, ५), (५, ५), (४, ३) असा भलताच षटकोन येतो. (५, ०) त्याच्या बाहेर पडतो आणि ट्रॉलीचे टोक रॅकमध्ये घुसलेले असताना उत्तर ‘मोकळे’ असे मिळते. संदर्भबिंदू मध्यभागी असलेल्या आयतासाठी B आणि −B एकच असल्याने ही चूक दिसतच नाही. म्हणून चाचणीसाठी त्रिकोण घ्यावा.

दुसरी चूक चुकीच्या शिरोबिंदूपासून सुरुवात करण्याची. c चे चिन्ह दोन दिशांमधील फरक १८०° पेक्षा कमी असेल तरच खरा क्रम सांगते, आणि खालून केलेली सुरुवात नेमकी हीच हमी देते. ती नसेल तर सीमा आत वळते किंवा स्वतःलाच छेदते. कधी वरील आज्ञावली फेऱ्यात अडकून संपतच नाही. उत्तर तपासायला दोन गोष्टी पुरतात. लागोपाठच्या बाजूंचा c सगळीकडे धन यायला हवा. त्यातून क्रमाची चूक कळते. तसेच उत्तराची परिमिती दोन्ही परिमितींच्या बेरजेइतकी हवी. त्यातून गळलेली बाजू कळते. उदाहरणात रॅकची परिमिती १०, ट्रॉलीची २ + २√५ आणि षटकोनाची १२ + २√५ आहे.

दशांश निर्देशकांत जवळजवळ समांतर बाजूंचा c शून्याच्या आसपास घुटमळतो आणि क्रम उलटून सीमेला बारीक खाच पडू शकते. निर्देशक मिलिमीटरसारख्या पूर्णांकांत ठेवले तर ही अडचण टळते, पण पूर्णांकाचा प्रकार पुरेसा मोठा हवा. निर्देशक ±२०,००० पर्यंत असतील तर बाजूचा घटक ४०,००० पर्यंत जातो आणि c ३.२ अब्जांपर्यंत, तर ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ एवढीच आहे.

मर्यादा : ही रीत सरकणाऱ्या वस्तूसाठी आहे. ट्रॉली वळली की −B च्या दिशा बदलतात आणि त्या कोनासाठी बेरीज पुन्हा काढावी लागते. अंतर्वक्र आकृतीच्या बाजू कोनाच्या क्रमाने येत नाहीत, म्हणून तिचे बहिर्वक्र तुकडे पाडून प्रत्येक जोडीची बेरीज काढतात आणि त्यांचा संयोग घेतात. अशा उत्तराला m²n² च्या प्रमाणात शिरोबिंदू असू शकतात. सीमेवरचा t म्हणजे नुसता स्पर्श. तो टक्कर मानायचा की नाही हे आधी ठरवावे लागते.

एकाच स्थितीची एकदाच तपासणी करायची असेल, तर संपूर्ण बेरीज न बांधता तिच्यातील मोजके शिरोबिंदू काढून चालणारी गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती यांची १९८८ ची रीत अधिक सोयीची पडते. मात्र तीच ट्रॉली त्याच रॅकशी हजारो जागी तपासायची असेल, तर एकदा बांधलेल्या बेरजेत बिंदू आत आहे का हे द्विभाजन शोधाने लवकर कळते. शिवाय ट्रॉली एका जागेहून दुसऱ्या जागी सरळ जाणार असेल, तर t चा रेषाखंड बेरजेला छेदतो का एवढे पाहिले की पुरते. वेगाने जाणारी वस्तू दोन तपासण्यांच्या मध्ये अडथळा ओलांडून गेली तरी ती या परीक्षेतून निसटत नाही.